ट्रेंड दिसला की उडी मारा, पाणी किती आहे ते नंतर बघू

ब्रँडचं इन्स्टा अकाउंट सांभाळताय ना, मग पहिला नियम लक्षात ठेवा, कुठलाच ट्रेंड सोडायचा नाही. "हा आपल्यासाठी नाही" असं म्हणणारा माणूस टीममध्ये असेल तर त्याला लगेच एक्सेल शीटच्या कामाला लावा. समजा तुमची कंपनी पाण्याच्या टाक्या बनवते, आणि ट्रेंड ब्रेकअपनंतर केस कापण्याचा आहे. काय हरकत आहे? टाकीला विग घाला. लोक हसतील, कशाला हसले ते विचारायचं नसतं, रिपोर्टमध्ये तो कॉलमच नसतो.

आता टायमिंग. सोमवारी टीममधल्या ज्युनिअर मुलीला एक आवाज सापडतो. ऑडिओच्या नावाशेजारी तो वर जाणारा छोटा बाण दिसतोय, नावावर टॅप केलं तर त्यावर अजून थोडीच रील्स आहेत, म्हणजे वेळ अगदी बरोबर. ती बिचारी ग्रुपवर लिंक टाकते. इथे घाई करून चालणार नाही. तिला आधी प्रेझेंटेशन करायला सांगा, "ट्रेंडचा आपल्या ब्रँड व्हॅल्यूजशी संबंध" या नावाची एक स्लाइड हवीच. मंगळवारी ब्रँड मॅनेजर म्हणतील आयडिया छान आहे पण जरा प्रीमियम करा, बुधवारी एजन्सी पंधरा सेकंदांच्या रीलसाठी चार पानी स्क्रिप्ट पाठवेल, गुरुवारी सेल्सचे साहेब म्हणतील लोगो पहिल्या फ्रेमपासून दिसला पाहिजे, शुक्रवारी सगळ्यात मोठे साहेब प्रवासात असतील. पुढच्या आठवड्यात शूट होऊन रील जाईल तेव्हा त्याच ऑडिओवर लाखभर रील्स असतील आणि निम्म्यांत लोक त्या ट्रेंडचीच टिंगल करत असतील. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच, पण आपलं घोडं अप्रूव्ह्ड आहे हे विसरू नका.

कोणीतरी मीटिंगमध्ये ओरिओचं उदाहरण देईलच, कारण दरवेळी कोणीतरी देतंच. २०१३ च्या सुपर बोल फायनलमध्ये मैदानातले दिवे गेले, चौतीस मिनिटं खेळ थांबला आणि त्या अंधारातच ओरिओने "अंधारातही बुडवून खाता येतं" अशा अर्थाचं ट्वीट टाकून वाहवा मिळवली. यातून एवढंच घ्या की आपल्यालाही व्हायरल व्हायचंय. त्या दिवशी डिझाइन करणारे आणि होकार देणारे लोक मुद्दाम एकत्र बसवलेले होते, हा बारीक तपशील अजिबात सांगू नका, नाहीतर उद्या कोणीतरी विचारेल की दोन तासांत हो किंवा नाही सांगणारा एकच माणूस आपण का नाही ठरवत. असे प्रश्न वाढले की अप्रूव्हलवाल्यांचं कसं व्हायचं.

पुढची गोष्ट, ट्रेंडचा उगम कधीच शोधू नका. ऑडिओच्या पेजवर जाऊन पहिलं रील बघायचं, दहावीस लोकांनी तो आवाज कशासाठी वापरलाय ते बघायचं, कमेंट वाचायच्या, याला फार तर दहा मिनिटं लागतात, पण तेवढ्यात तर एक चहा होतो. २०१४ मध्ये डिजॉर्नो या फ्रोझन पिझ्झाच्या ब्रँडनेही असाच वेळ वाचवला होता. #WhyIStayed हा हॅशटॅग जोरात चालला होता, त्यांनी ट्वीट केलं, थोडक्यात "कारण तुझ्याकडे पिझ्झा होता". त्या हॅशटॅगखाली बायका सांगत होत्या की मारहाण करणाऱ्या जोडीदाराला आपण लवकर का सोडू शकलो नाही. ट्वीट काढलं, हॅशटॅग कशाबद्दल आहे ते न वाचताच टाकलं हे कबूल केलं आणि मग माफी मागत बसले. बघा, दहा मिनिटं वाचवली की नाही!

आणि आता माझा लाडका विषय, गाणं. तुमच्या बिझनेस अकाउंटवर ते हिट गाणं दिसतच नसेल, शोधलं तर रॉयल्टी-फ्री लायब्ररीतलं टिंगटिंग म्युझिक पुढे येईल. ही अ‍ॅपची चूक आहे असं समजा. घरगुती रीलसाठी दिलेली परवानगी आणि माल विकण्यासाठी लागणारी परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दुसरी गाण्याच्या मालकाकडून घ्यावी लागते, पण हे सगळं त्या नियमांच्या पानावर लिहिलेलं असतं आणि ते पान आजवर कोणी उघडलंय? आपल्याकडे जुगाड तयार आहे: अकाउंट क्रिएटर टाइपचं करून टाका, सगळी गाणी हजर. टाक्या विकणारी कंपनी एका रात्रीत कलाकार झाली यावर कोर्टाचा विश्वास बसेलच. टिकटॉकवरही कमर्शियल वापरासाठी वेगळी लायब्ररी असते, तिच्याकडे ढुंकूनही बघू नका. आणि ऑडिओवर "ओरिजिनल ऑडिओ" लिहिलेलं दिसलं तर मग काय मज्जाच. कुण्या पोराने चालू गाणं फोनवर रेकॉर्ड करून अपलोड केलं तरी तिथे तेच लिहून येतं, पण तुम्ही ते हक्काचं सर्टिफिकेट म्हणून फाइलला लावा.

"गाणं अ‍ॅपमध्येच होतं, आम्ही फक्त निवडलं" हा बचाव पाठ करून ठेवा. बँग एनर्जी ड्रिंक बनवणाऱ्या कंपनीने टिकटॉकवरच्या व्हिडिओंबद्दल साधारण हेच सांगून बघितलं होतं, २०२२ मध्ये अमेरिकेतल्या कोर्टाने कंपनीच्या स्वतःच्या पोस्टसाठी तिलाच जबाबदार धरलं. २०२४ मध्ये सोनी म्युझिकने मॅरियट हॉटेल्सवर केस टाकली, आरोप होता ९३१ वेळा गाणी वापरल्याचा, नंतर ती मागे घेतली गेली. २०२५ मध्ये वॉर्नर म्युझिकने क्रम्बल या कुकीवाल्यांना १५९ गाण्यांवरून कोर्टात खेचलं. अमेरिकेत मुद्दाम केलेल्या उल्लंघनाला एका गाण्यामागे दीड लाख डॉलरपर्यंत भरपाई लागू शकते, एका रीलमागे नाही हं, गाण्यामागे, म्हणजे एकच गाणं पन्नास रील्सना वापरून काटकसर करता येईल. (हे मी गंमत म्हणून लिहिलंय, पण हेच कोणीतरी बजेटच्या मीटिंगमध्ये मांडेल याची मला खात्री आहे.)

तरीही एखादा हट्टी माणूस विचारेल, की आवाज बंद करून बघितलं तर रीलमध्ये आपलं सांगण्यासारखं काही उरतं का? उरत असेल तर लायब्ररीतलं म्युझिक लावूनही चालेल, आणि उरत नसेल तर सोडून दिलेलं बरं. किंवा तो म्हणेल, चाल आणि गाणं नको, नुसता ट्रेंडचा ढाचा घेऊ, आपल्याच मिस्त्रीच्या आवाजात संवाद रेकॉर्ड करू, टाकीत काय काय सापडतं ते तो सांगेल. त्याला थांबवा. त्याचं ऐकलं तर रीलवर पैसे लावून बूस्टसुद्धा करता येईल, जे त्या हिट गाण्यावर करता येत नाही, आणि मग एवढं सगळं सरळ झाल्यावर आपण इमर्जन्सी मीटिंग कशाची घ्यायची?

तर बिनधास्त टाका. काही महिन्यांनी गाण्यावाल्यांनी हक्क दाखवला आणि रील म्यूट झालं, टाकीभोवती अकाउंट्स डिपार्टमेंटमधले दोघं नुसतेच तोंड हलवत नाचताना दिसायला लागले, आणि खाली कोणी लिहिलं "आवाज येत नाहीये", तर ती कमेंट पिन करा. एंगेजमेंट आहे ती, रिपोर्टमध्ये धरायची.