लॉग उलटवला की सरासरी परत मिळते?

«डेटा उजवीकडे झुकलेला आहे? लॉग घ्या, नेहमीचं मॉडेल चालवा आणि उत्तराचं exp() करा. मूळ एककातली सरासरी परत मिळते. दोन गटांतला फरक 0.30 आला तर 30 टक्के म्हणा. शून्यं असतील तर आधी सगळीकडे 1 मिळवा.»

सरासरी परत मिळते का? नाही. समजा, पाच यंत्रांच्या दुरुस्तीला १०, २०, ४०, ८० आणि १६० मिनिटं लागली. सरासरी ६२. आता प्रत्येकाचा लॉग घ्या, त्या लॉगांची सरासरी काढा आणि exp() करा. उत्तर येतं ४०. हा गुणोत्तर मध्य आहे. लॉगनंतर डेटा सममित झाला असेल, तर तो मध्यकाच्या जवळ असतो; इथे तर नेमका मध्यकच आहे. ‘साधारण यंत्राला किती वेळ लागतो?’ या प्रश्नाला ४० हे चांगलं उत्तर आहे. पण पाच यंत्रांसाठी किती वेळ राखून ठेवायचा हे ठरवताना ४० ला पाचने गुणलंत तर २०० मिनिटं येतील, आणि प्रत्यक्षात ३१० लागली आहेत. बेरीज हवी असेल तिथे सरासरीच लागते.

ती लॉग मॉडेलमधून काढता येते. डेटा खरोखर लॉगनॉर्मल असेल तर exp() करण्याआधी लॉगमधल्या प्रसरणाचा अर्धा भाग मिळवायचा. आपल्या पाच आकड्यांवर हे केलं तर सुमारे ७३ येतं, म्हणजे ६२ च्या बरंच वर. इतक्या थोड्या आकड्यांवर हे सूत्र डळमळीत असतं आणि लॉगनॉर्मलच्या गृहीतकावर पूर्ण अवलंबून असतं. नाइहुआ दुआन यांनी १९८३ मध्ये मांडलेली ‘स्मिअरिंग’ पद्धत ते गृहीतक टाळते. लॉगमधल्या प्रत्येक रेसिड्युअलचं exp() करायचं: इथे ०.२५, ०.५, १, २, ४. त्यांची सरासरी १.५५. तिने ४० ला गुणलं की ६२. मात्र रेसिड्युअलांचा पसारा सगळीकडे सारखा असला पाहिजे. तो गटागटाने वेगळा असेल तर हा गुणकही गटागटाने वेगळा काढावा लागतो.

०.३० म्हणजे ३० टक्के का? आधी लॉग कोणता घेतला ते बघा. नैसर्गिक लॉग असेल तर exp(0.30) म्हणजे १.३५, अर्थात ३५ टक्के जास्त. दहाच्या पायाचा लॉग असेल तर तोच ०.३० म्हणजे जवळजवळ दुप्पट! नैसर्गिक लॉगमध्ये ०.०५ सारख्या लहान फरकाला ‘५ टक्के’ म्हणणं चालून जातं, पुढे नाही. कॉन्फिडन्स इंटर्व्हलची दोन्ही टोकं exp() करून उलटवता येतात: ०.१० ते ०.५० चं १.११ ते १.६५ होतं, आणि ते १.३५ च्या दोन्ही बाजूंना समान अंतरावर नसतं. स्टँडर्ड एररचं exp() करून तो मिनिटांतला एरर म्हणून छापणं मात्र निरर्थक आहे.

याहून मोठी चूक पुढे होते. हे ३५ टक्के गुणोत्तर मध्यातले आहेत, आणि अहवालात ‘सरासरी वेळ ३५ टक्क्यांनी वाढला’ असं लिहिलं जातं. वरच्या पाच यंत्रांशेजारी दुसरा गट ठेवा: २०, ४०, ४०, ४०, ८०. गुणोत्तर मध्य इथेही ४०, म्हणजे लॉगमधला फरक शून्य. पण सरासरी ४४ आहे, पहिल्या गटात ६२ होती. लॉगवरची टी-चाचणी इथे ‘फरक नाही’ म्हणेल आणि तिला जे विचारलं त्याचं ते उत्तर बरोबरच आहे. सरासरीबद्दल तिला कुणी विचारलंच नव्हतं. गुणोत्तर मध्यांचं गुणोत्तर सरासऱ्यांनाही लागू धरायचं, तर लॉगमध्ये दोन्ही गटांचा पसारा सारखा आहे हे आधी तपासावं लागतं. दोन्ही गटांचं लॉगमधलं प्रमाण विचलन शेजारी मांडलं तरी हे दिसतं. इथे पहिल्या गटाचं १.१० आहे, दुसऱ्याचं ०.४९.

शून्यासाठी १ मिळवणं? १ काय? १ मिनिट की १ तास? १० आणि २० मिनिटांत दुपटीचा फरक आहे. मिनिटांत १ मिळवला तर गुणोत्तर २१/११, म्हणजे १.९१ होतं. तोच वेळ तासांत लिहून १ मिळवला तर १.१४. एकक बदललं की निष्कर्ष बदलतो, असं उत्तर कुठेच वापरू नये.

प्रश्न सरासरीचा असेल तर मी डेटाचा लॉग घेतच नाही, सरासरीचा लॉग मॉडेल करते. R मध्ये:

```
glm(y ~ gat, family = Gamma(link = "log"))
```

याच्या गुणांकाचं exp() थेट सरासऱ्यांचं गुणोत्तर देतं. वरच्या दोन गटांवर, दुसरा गट संदर्भ धरला तर, ते ६२/४४, म्हणजे १.४१ येईल. गॅमाला शून्य चालत नाही. शून्यं असतील तर `quasipoisson(link = "log")` घ्या. त्यात काहीही मिळवावं लागत नाही.