चार एकरांवर ट्रॅक्टर घ्यावा की तासावर लावावा?

पाच एकरांच्या आत कोरडवाहू रान असेल तर ट्रॅक्टर घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. आधी एकदा तास मोजा.

लातूरकडचं चार एकरांचं रान धरू, खरिपात सोयाबीन, मागून हरभरा. पलटी नांगराला एकरी दोन तास, रोटाव्हेटरला एक, मग पाळ्या आणि दोन पेरण्या. शेणखत, मालाची ने-आण धरूनही वर्षाला 40 तासांच्या पुढे काम जात नाही. तासाला हजार रुपये भाडं धरलं तर 40 हजार.

आता घरचा ट्रॅक्टर. 45 एचपीचं मशीन आणि अवजारं मिळून नऊ लाख धरा. दहा वर्षांनी साडेतीन लाख आले तरी वर्षाला 55 हजारांची घट. व्याज सरासरी 50 हजार, विमा, सर्व्हिसिंग, टायर 15 हजार. म्हणजे चावी न फिरवता 1 लाख 20 हजार गेले, शिवाय सातबाऱ्यावर बोजा. हजार रुपये भाड्यातून डिझेल आणि ड्रायव्हर वजा जाता तासाला पावणेपाचशे उरतात. म्हणजे बरोबरीला यायला 250 तास लागतात. आपले 40 सोडून उरलेले 210 तास दुसऱ्याच्या रानात काढायचे, आणि गावात आधीच ट्रॅक्टर उभे आहेत! अनुदानातून लाखभर सुटले तरी आकडा दोनशेच्या खाली येत नाही.

भाड्याची खरी अडचण पैशाची नाही, वाफशाची आहे. 75-100 मिमी पाऊस झाला, वाफसा आला की सगळ्या गावाला एकाच दिवशी ट्रॅक्टर हवा असतो. काळ्या रानात तीन-चार दिवस हुकले आणि वरून पुन्हा पाऊस आला की पेरणी लांबते. म्हणून नांगरट मार्च-एप्रिलमध्येच उरकावी, तेव्हा ड्रायव्हर मोकळे असतात. मग जूनमध्ये तुमचं काम फक्त अर्ध्या दिवसाचं राहतं. लागून रान असलेल्या चार-पाच जणांनी मिळून एकच ट्रॅक्टर आधी ठरवला तर त्याला सलग दिवसभराचं काम मिळतं, तो येतोच. मागची बाकी मात्र आधी चुकती करा. उधारीवाल्याचा नंबर शेवटी लागतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

तासावर लावताना वेळ नांगर रानात टेकल्यापासून धरायची, घरातून निघाल्यापासून नाही, हे आधीच बोलून घ्या. एकरावर दिलं तर ड्रायव्हर नांगर उचलून पळवतो. नांगराच्या तासात काडी खुपसून बघा, आठ-नऊ इंच खोली हवी.

द्राक्ष-डाळिंबवाल्यांचं गणित वेगळं. रात्री पाऊस पडला की सकाळी ब्लोअर बागेत लागतो, तिथं भाड्याची वाट बघता येत नाही. त्यांनी छोटा ट्रॅक्टर जरूर घ्यावा.