राम राम म्हटल्यानं बोअर सुधारतो काय?

वाद नितीनच्या हपिसातल्या सर्क्युलरवरून पेटला. सकाळी आल्यावर प्रत्येकानं शेजारच्या चार टेबलांवर जाऊन गुड मॉर्निंग म्हणायचं, असा फतवा वरून निघाला होता. बेळगावात तिसऱ्या रेल्वे गेटाजवळच्या आमच्या कट्ट्यावर रविवारी असल्या विषयांना तोटा नसतो, पण हा जरा जास्तच लांबला.

"पगार कामाचा देतात की तोंड वेंगाडायचा?" नितीन तावातावानं म्हणाला. "ज्याला काम येतं त्याच्यावर माझा भरवसा. मग तो हसो नाहीतर रडो."

बाळू उद्यमबागेतल्या कारखान्यात सीएनसी मशीनवर आहे. तो म्हणाला, "तू बोलूलास ते हिशेबाच्या वहीला ठीक आहे. मशीनवर ये, मग सांगतो."

आणि त्यानं सांगितलं. त्यांच्याकडे बिडाच्या एका हाउसिंगला चाळीसचा बोअर, म्हणजे चाळीस मिलिमीटरचं गोल भोक, मारतात, टॉलरन्स एच सेव्हन. म्हणजे बोअर ४०.००० ते ४०.०२५ मिलिमीटरच्या आत यायला पाहिजे, मधे खेळायला फक्त पंचवीस मायक्रॉन. जॉब निघत जातात तसा इन्सर्ट, म्हणजे कापणाऱ्या धारेचा तुकडा, झिजतो आणि बोअर बारीक यायला लागतो. मग ऑपरेटर मधूनमधून वेअर ऑफसेट, म्हणजे मशीनमध्ये भरलेली झिजेची भरपाई, दोन-तीन मायक्रॉन वाढवत राहतो, म्हणजे माप मधोमध, ४०.०१२ च्या आसपास टिकतं. शिफ्ट संपेपर्यंत ह्या ऑफसेटची बेरीज पंधरा मायक्रॉनवर गेलेली असते. एकदा सुटायच्या आधी पाच मिनिटं इन्सर्टची धार तुटली. पहिल्या शिफ्टवाल्यानं नवीन इन्सर्ट बसवला, लॉगबुकात ‘इन्सर्ट बदलला’ लिहिलं आणि हात धुवायला गेला. मशीनच्या स्क्रीनवरचं ऑफसेटचं पान मात्र तसंच राहिलं. नवीन धार, वर जुने पंधरा मायक्रॉन.

"पहिलाच जॉब ४०.०२७," बाळू म्हणाला. "बोअर मोठा झाला तरच जाणारं नो-गो गेज सरळ आत. बारीक झाला असता तर परत मारता येतो, मोठा झाला की भंगार."

"मग मोजून बघायचं की," नितीन.

"बघितलं की. वर आलंय हे दिसलं. पण का आलंय ते कसं कळणार? मला वाटलं, सेटरनंच काहीतरी बदललं असेल. आदल्या शिफ्टचा गडी तेव्हा पार्किंगमध्ये बाइकला किक मारूलालता. हाक मारली असती तर एका वाक्यात काम होतं. पण त्याच्याशी आपलं कधी बोलणंच नाही. तो कन्नड, मी मराठी, समोरासमोर आलो तरी तो जमिनीकडं बघणार आणि मी छताकडं. म्हटलं, उगाच कशाला, त्याला वाटायचं चूक काढूलाय. मी माझ्या अंदाजानं थोडं कमी केलं, ते पुरलं नाही. इन्स्पेक्शननं धरलं तोवर ट्रे भरला होता."

हे जुन्या कारखान्यातलं. आता जिथं आहे तिथं त्याच्या मशीनवर आदल्या शिफ्टला बसण्णा असतो. बाळूचं कन्नड आमच्यातही थट्टेचा विषय आहे, पण रोज आल्याबरोबर "चहा आतेन्री?" एवढं तो विचारतो, आणि बसण्णा मराठीत "झाला की, तुमचा?" म्हणतो. संपला संवाद. मध्यंतरी तशीच धार तुटली, तशीच घाई. चहाच्या उत्तरापाठोपाठ बसण्णाच म्हणाला, इन्सर्ट आत्ताच टाकलाय. बाळूनं विचारलं, "वेअर काढलं?" बसण्णानं कपाळाला हात लावला आणि पान उघडून शून्य केलं. दोघांचं मिळून अर्धं मिनिट.

नितीनला हे पटलं नाही, आणि त्याचा मुद्दा कच्चा नव्हता. "हा हँडओव्हरचा प्रश्न आहे. लॉगबुकात वेअर ऑफसेटचा रकाना घाला, विषय संपला. राम राम कशाला पाहिजे?"

मास्तर कॉलेजात मानसशास्त्र शिकवतात आणि कट्ट्यावर शक्यतो शिकवत नाहीत. पण इथं त्यांना राहवलं नाही. "रकाना घालाच," ते म्हणाले. "पण याद्या करणाऱ्यांनीच काय केलंय ते बघ. जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रियेची चेकलिस्ट २००८ साली आली. त्यात कापायच्या आधी एक बाब अशी आहे की खोलीतल्या प्रत्येकानं आपलं नाव आणि काम मोठ्यानं सांगायचं. सर्जन, भूलतज्ज्ञ, नर्स, सगळ्यांनी. वेळेला नर्सला ‘थांबा’ म्हणता यावं, तर आधी तिचं तोंड उघडलेलं बरं, असा त्यामागचा विचार. आठ शहरांतल्या आठ इस्पितळांत ती वापरून बघितली, तर मृत्यूचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आलं. आता यादीत एकोणीस बाबी होत्या, त्यामुळं श्रेय नाव सांगण्याला देता येत नाही. मी देतही नाही. पण यादी असूनही बोलायची सोय वेगळी करावी लागली, एवढं खरं."

"आणि न बोलण्याचं काय होतं, तेही तपासलंय," ते पुढं म्हणाले. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या आवारात एक साधा प्रयोग झाला, २०१२ साली छापून आला. संशोधकांची एक सहायक रस्त्यानं चालत यायची. काही जणांच्या नजरेला नजर द्यायची, काहींना नजर देऊन थोडं हसायची, आणि काहींच्या चेहऱ्याच्या दिशेनं अशी बघायची की जणू तिथं माणूसच नाही. पुढं दुसरी व्यक्ती त्यांना थांबवून विचारायची की आत्ता, गेल्या मिनिटात, इतरांपासून किती तुटल्यासारखं वाटलं. ज्यांच्या आरपार बघितलं होतं त्यांना जास्त तुटल्यासारखं वाटलं होतं. अनोळखी बाई, क्षणभराची गाठ, पुन्हा भेट नाही, तरीसुद्धा. "आता हेच रोज, त्याच माणसाकडून, त्याच मशीनपाशी," मास्तर म्हणाले. "बाळू आणि तो गडी दोघंही समजत होते की आपण काहीच करत नाही आहोत. करत होते की. रोज एकमेकांना नाही म्हणत होते."

माझ्या मते इथं नितीनची बाजू ढिली पडली, पण त्यानं वेगळ्या दारानं परत हल्ला केला. जी माणसं एकमेकांना आवडतात तीच राम राम करतात, तुम्ही कारण आणि परिणाम उलटे लावताय, म्हणाला. प्रश्न बरोबर आहे. मास्तरांनी त्यावर व्हँकुव्हरमधल्या कॉफीच्या दुकानाचा प्रयोग सांगितला, २०१४ चा. गिऱ्हाइकांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एकाला सांगितलं, काउंटरवरच्या माणसाकडं बघा, हसा, दोन शब्द बोला. दुसऱ्याला सांगितलं, पैसे तयार ठेवा, झटपट उरका. बोललेल्यांचा मूड चांगला निघाला आणि आपण इथले आहोत ही भावनाही जास्त. इथं आवडीनिवडीचा प्रश्न नव्हता, कारण कुणी बोलायचं ते संशोधकांनी ठरवलं होतं. फक्त ते गिऱ्हाईक होते, सहकारी नव्हते, हे मास्तरांनी स्वतःच जोडलं.

"सहकाऱ्यांवर काही नाही काय?" अण्णांनी विचारलं. अण्णा निवृत्त कंडक्टर. शिफ्ट बदलताना डेपोत कोण कुणाशी बोलत नाही हे त्यांना अजून पाठ आहे.

आहे. २०२१ मध्ये जेसिका मेथॉट आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. १५१ नोकरदारांना पंधरा कामाचे दिवस, दिवसातून तीन वेळा प्रश्न विचारले. ज्या दिवशी किरकोळ बोलणं जास्त झालं, त्या दिवशी त्याच माणसाला जास्त बरं वाटलं, आणि त्यातून कामाबाहेर जाऊन दुसऱ्याला मदत करणंही वाढलं. एकाच माणसाचे दिवस एकमेकांशी ताडलेले, त्यामुळं ‘तो मुळातच बोलका’ ही सबब उरत नाही. पण त्याच अभ्यासात दुसरी बाजूही निघाली. त्याच दिवशी कामात लक्ष कमी लागलं, आणि तिथून मदत घटलीसुद्धा. समोरच्याच्या चेहऱ्यावरून कधी थांबायचं हे ज्यांना कळतं, त्यांना हा तोटा कमी झाला.

"बघा!" नितीन उठूनच उभा राहिला.

"बघितलं," बाळू म्हणाला. "मी काय सांगूलोय? बोअर मोजताना कुणी क्रिकेट काढलं तर मीच हाकलतो. आमचं बोलणं गेज हातात घ्यायच्या आधी."

मला ह्यातली वेळेची गोष्ट महत्त्वाची वाटते. शिफ्टच्या सांध्यावरचं अर्ध्या मिनिटाचं बोलणं आणि ऐन कामात मधे घुसलेलं बोलणं यांना एकच नाव दिलं की वाद कधीच मिटत नाही. सर्क्युलर काढणाऱ्याला हे कळलेलं नसतं. तो चार टेबलं मोजतो.

भरवशाबद्दल मात्र नितीनला थोडं द्यावं लागलं. १९९५ साली मॅकॲलिस्टर नावाच्या संशोधकानं मॅनेजरांच्या एकमेकांवरच्या भरवशाचे दोन भाग वेगळे दाखवले. एक, ह्याला काम येतं आणि हा शब्दाला जागतो, हा डोक्यानं ठेवलेला भरवसा. दुसरा, ह्याला माझं बरंवाईट कळतं, हा मनानं ठेवलेला. मास्तरांचं म्हणणं असं की रोजचा राम राम पहिल्या प्रकाराला काहीच करत नाही. बसण्णाला बोअर मारायला येत नसतं तर शंभर चहा विचारूनही आला नसता. त्यानं दुसऱ्याची सुरुवात होते, आणि तीही फक्त सुरुवात. पण ‘माझ्याकडून राहिलं’ हे तोंडातून निघायला तो दुसराच लागतो.

"आमचा डेपो मॅनेजर रोज हसून नमस्कार करायचा," अण्णा म्हणाले, "आणि ज्या दिवशी जरा लांबवून ‘घरचे बरे?’ विचारलं, त्या दिवशी समजायचं, डबल ड्युटी. शेवटी शेवटी तो दिसला की पोरं मुतारीत जायची."

सगळे हसले, पण ह्यात मर्म आहे. काम असेल तेव्हाच येणारी विचारपूस माणूस बरोबर ओळखतो. बिनकामाची असते म्हणूनच रोजची विचारपूस चालते. बाळूनं आणखी एक सांगितलं: रोज बोलणारा एखाद्या दिवशी गप्प आला की लगेच कळतं. बसण्णा मध्यंतरी एकदा नुसता मान हलवून गेला, तर बाळूनं पहिले पाच जॉब एकेक करून मोजले. घरी कुणी आजारी होतं, माणूस ठिकाणावर नव्हता. कधीच न बोलणाऱ्याच्या गप्पपणातून असं काही कळत नाही.

नितीननं शेवटी विचारलं ते व्यवहाराचं. शेजारच्या टेबलावरच्या पाटीलबाईंशी त्याचं कधीच बोलणं नाही, आता सर्क्युलर आल्यावर बोलला तर त्यांना ते सर्क्युलरचंच वाटणार.

"मग सकाळी बोलू नको," बाळू म्हणाला. "सुटताना ‘येतो हं मॅडम’ म्हण. सर्क्युलरात संध्याकाळचं काही लिहिलंय काय?"

"त्या पाचला जातात, मी साडेपाचला."

"मग त्या निघताना मान वर करायची," अण्णा म्हणाले. "तेवढी फुकट आहे की रे."

नितीन म्हणाला, बघतो. त्यानं तेवढं म्हणणं म्हणजे पुष्कळ झालं.