रात्रीचा भात, सकाळची फोडणी आणि पोरांचा डबा

"सकाळची धावपळ नको असेल तर रात्रीच जास्तीचा भात लावून कुकरमध्ये तसाच ठेवा. सकाळी कडकडीत फोडणी दिली की सगळे जंतू मरतात, वर लिंबू पिळलं की दुपारपर्यंत काही होत नाही. गरमागरम भरून झाकण घट्ट लावा. आपल्याकडं हवा थंड, काळजी नको." असा सल्ला ऐकू येतो, पण तो चुकीचा आहे.

गेल्या पावसाळ्यात आमच्याच घरी हे झालं. रात्री नऊला भात शिजला, कुकर कट्ट्यावरच राहिला, सकाळी सहाला मी चित्रान्नाची फोडणी दिली आणि साडेसातला डबा भरला. मुलीनं पावणेएकला खाल्लं, तीन वाजता शाळेतून फोन आला की उलट्या होतायत. कारण तपासून सिद्ध झालेलं नाही, पण सगळा घटनाक्रम ज्या जंतूच्या वागण्याशी जुळतो तो भातातलाच आहे.

त्याचं नाव बॅसिलस सेरियस. कच्च्या तांदळावर त्याची बीजं असतातच आणि ती भात शिजताना मरत नाहीत. भात कोमट राहिला की ती रुजतात, वाढतात आणि भातात एक विष सोडतात. वाढलेले जंतू फोडणीनं मरतीलही, विष मात्र जात नाही. ते कुकरच्या उष्णतेलाही दाद देत नाही. त्याला वास नाही, चव नाही, म्हणून "मी चाखून बघितला, चांगला होता" याला इथं काही अर्थ नाही. खाल्ल्यावर साधारण अर्ध्या ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. म्हणजे चूक सकाळी होत नाही, ती रात्री कुकर बंद ठेवला तेव्हाच झालेली असते.

रात्रीचा भात वापरायचाच असेल तर तो शिजल्यावर लगेच परातीत दोन बोटं जाडीनं पसरा, पंखा लावा, आणि तासाभराच्या आत झाकून फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळीच संपवा. माझं मत विचाराल तर एवढा खटाटोप करण्यापेक्षा सकाळी वाटीभर तांदूळ लावावा. कुकर होईपर्यंत शेंगदाणे, कढीपत्ता, मिरची काढून होते, भात परातीत मोकळा केला की दहा मिनिटांत वाफ जाते.

आता लिंबू. आंबटपणा जंतूंना रोखतो हे खरं, पण तो प्रत्येक शितापर्यंत आणि पुरेसा पोचायला हवा. अर्धं लिंबू वर पिळून तसं होत नाही. दहीभात त्या मानानं बरा, पण फ्रिजमधलं घट्ट दही गार भातात नीट कालवलेलं असेल तरच. भात-दुधात चमचाभर दही घालून "दुपारपर्यंत लागेल" अशी जी युक्ती आपल्याकडं चालते, ती डब्यासाठी सोडून द्या. दही लागेपर्यंतचे तास ते दूध-भात कोमटच असतं.

गरम भरून झाकण लावण्याचंही तसंच. साध्या स्टीलच्या डब्यात अन्न गरम राहत नाही, कोमट राहतं. साठ अंशांच्या वर जंतूंची वाढ थांबते, पाचच्या खाली ती थांबते किंवा अगदी मंदावते, मधलं सगळं त्यांच्या सोयीचं. झाकणाच्या आतून वाफेचे थेंब लोंबताना दिसले तर समजा की डबा घाईनं बंद झालाय. गरम राहणारा डबा असेल तर त्यात आधी उकळतं पाणी दहा मिनिटं ठेवून ओता आणि मग वाफाळतं अन्न भरा. एका सुट्टीच्या दिवशी घरीच तसा भरून दुपारी एकला उघडून बघा: वाफ निघत नसेल तर तो भातासाठी नको.

थंड हवेचं म्हणाल तर पावसात बेळगाव-खानापूरची हवा पंचवीस अंशांच्या आसपास असली तरी जंतूंना ती चालते. निपाणी-चिकोडीकडं उन्हं लागली की आणखीच.

मी आता डब्याची वाटणी बदललीय. भात, उप्पीट, पोहे हे ओलं सगळं साडेदहाच्या छोट्या सुट्टीत. दुपारच्या डब्यात भाकरी किंवा चपाती, कोरडी शेंगाची चटणी, कोरडा झुणका, आणि सोबत न सोललेलं केळं. ओल्या खोबऱ्याची चटणी दुपारच्या डब्यात घालत नाही. चपात्या टोपलीत गार करून मगच डब्यात, नाहीतर खालची घामेजते.

आणि डब्यात परत आलेला भात संध्याकाळी गरम करून कुणाला वाढत नाही. टाकताना जीवावर येतं, तरी टाकते.