वय अठरा, पानं तीन

एप्रिल-मे महिन्यांत लोकांच्या घरी आंब्याच्या पेट्या येतात, माझ्या घरी रेझ्युमे येतात. मी महापेला एका कंपनीत एचआरमध्ये आहे ही बातमी नातेवाइकांत फुटल्यापासून हे सुरू आहे. "दोन मिनिटांचं काम आहे रे, नुसती नजर टाक" असं म्हणून जो माणूस येतो, तो जेवूनच जातो.

यंदा ताई आणि भाऊजी चिन्मयला घेऊन घणसोलीहून ट्रान्स-हार्बरने ठाण्याला आले. चिन्मय इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला, कॉम्प्युटर शाखा. सुट्टीत इंटर्नशिप हवी होती. रेझ्युमे तीन पानांचा. अठरा वर्षांचं आयुष्य, म्हणजे सहा वर्षांना एक पान असा दर पडला. पहिल्या पानावर चुलतभावाच्या लग्नातल्या ब्लेझरमधला फोटो. खाली वडिलांचं नाव, जन्मतारीख, आणि 'वैवाहिक स्थिती : अविवाहित'. एकविसाच्या आत मुलाचं लग्न कायद्यातच बसत नाही, तरी स्पष्ट केलेलं बरं! शेवटच्या पानावर 'वरील माहिती खरी आहे' अशी प्रतिज्ञा, ठिकाण घणसोली, आणि सही.

मधल्या पानावर कौशल्यांचे रंगीत पट्टे होते. सी प्रोग्रॅमिंग ८० टक्के. मी विचारलं, "कशाच्या ८० टक्के?" तो म्हणाला, "टेम्प्लेटमध्येच होतं, मामा." बेल लॅब्जमध्ये ज्याने ही भाषा घडवली त्या डेनिस रिचीला यांनी किती टक्के दिले असते कोण जाणे.

टेम्प्लेटवरून आठवलं. दोन रकान्यांचं देखणं पान बऱ्याच कंपन्यांत आधी सॉफ्टवेअर वाचतं, आणि त्यातली काही सॉफ्टवेअर्स दोन्ही रकाने ओलांडून सरळ आडवं वाचत जातात. तपासायची युक्ती साधी आहे : पीडीएफमधला सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकायचा. चिन्मयचा टाकला, तर 'पोहणे, वाचन, मुंबई विद्यापीठ, क्रिकेट, प्रथम सत्र' असं बाहेर आलं. भाऊजी म्हणाले, "वाईट नाही, अष्टपैलू वाटतो."

भाऊजींनी पिशवीतून फाइल काढली. पाचवीची स्कॉलरशिप, होमी भाभा, अ‍ॅबॅकस, श्लोकपाठांतर, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. सगळं प्लॅस्टिकच्या कव्हरात, तारखेनुसार. "इंटरमिजिएटला ए ग्रेड आहे," ते म्हणाले, "हे पण काढायचं?" मी म्हणालो, "काढायचं." पहिल्या वर्षाला दहावी-बारावीचे गुण चालतात, कारण कॉलेजचं अजून एकच सत्र पदरात असतं. पाचवीची स्कॉलरशिप मात्र पाचवीतच शोभते. भाऊजींनी फाइल मिटली, पण मांडीवरून खाली ठेवली नाही.

मग गुणांवर आलो. 'सीईटी : ९४.२ टक्के' असं लिहिलं होतं. ते पर्सेंटाइल होते. म्हणजे परीक्षा दिलेल्यांपैकी ९४.२ टक्के मुलं त्याच्याइतकी किंवा त्याच्या मागे. शंभरातले चौऱ्याण्णव गुण नव्हेत. बघणाऱ्याला हा फरक लगेच कळतो, आणि मग तो बाकीच्या आकड्यांकडेही संशयाने पाहू लागतो. जेईईचे पर्सेंटाइल अडुसष्ट होते, ती ओळ मी उडवली. ते लपवणं नाही. कुणी विचारलं तर सांगायचंच, पण आपणहून दवंडी कशाला? बारावी ८१.५ टक्के, सीईटी ९४.२ पर्सेंटाइल, आणि पहिल्या सत्राचा एसजीपीए ७.९, दहापैकी. याची टक्केवारी करत बसू नको, गुणपत्रिकेवर आहे तसंच लिही, असं बजावलं. तीन आकडे, एका जागी, विषय संपला. भाऊजींच्या मते हाच खरा रेझ्युमे होता आणि मी तो कापत होतो.

शिकलेल्या विषयांत केमिस्ट्रीपासून वर्कशॉपपर्यंत पूर्ण टाइमटेबल होतं. डेटा सांभाळायच्या इंटर्नशिपला तुम्ही कार्यशाळेत लोखंड किती घासलंत याचं कुणाला पडलेलं नसतं. सी आणि गणित ठेवलं. सीच्या खाली प्रोजेक्ट होतं, 'लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीम'. हे प्रोजेक्ट प्रत्येक कॉलेजात प्रत्येक वर्षी जन्माला येतं. मी विचारलं, "प्रोग्रॅम बंद केल्यावर पुस्तकांच्या नोंदी कुठे राहतात?" बराच वेळ विचार करून तो म्हणाला, "राहत नाहीत." सगळं अ‍ॅरेमध्ये होतं. म्हणजे संध्याकाळी कुलूप लावलं की सगळी पुस्तकं विसरणारी लायब्ररी. "`fopen` वापरून नोंदी फाइलमध्ये लिहायला शिकव तिला," म्हटलं, "मग लिही."

खरी गंमत क्लबची. तिथे ओळ होती : 'टेक्निकल क्लबचा सक्रिय सदस्य. नेतृत्वगुण व संघभावना विकसित केली.' मी म्हणालो, "सक्रिय म्हणजे काय केलंस?"

"फेस्टच्या रजिस्ट्रेशनला होतो."

"म्हणजे काय केलंस?"

"शीट बघायचो. मुलं गूगल फॉर्म भरायची."

"मग?"

"काही नाही रे मामा. एकाच मुलाची दोनदोनदा एंट्री यायची, कारण टीममधला दुसराही त्याचं नाव भरायचा. टी-शर्टची ऑर्डर जाणार होती, म्हणून डबल नावं काढली."

"कशी?"

"मोबाइल नंबरवरून. `COUNTIF` लावला. पण आधी काही सापडेचना, कारण कुणी `+91` लिहिलेलं, कुणी मध्ये स्पेस दिलेली. मग नंबर साफ केले."

त्याने फोनवर ती शीट काढून दाखवली. नंबर सी रकान्यात होते, शेजारच्या डी मध्ये त्याने हे लिहिलं होतं :

```
=RIGHT(SUBSTITUTE(C2," ",""),10)
```

स्पेस काढायच्या आणि उजवीकडचे दहा आकडे घ्यायचे. मग डी रकान्यावर `COUNTIF`. ३८० नोंदींतल्या ४६ जादा निघाल्या, आणि टी-शर्ट ३३४च मागवले.

मी म्हटलं, "हे रेझ्युमेत का नाही?"

"ते तर नुसतं एक्सेल आहे."

नेतृत्वगुण विकसित केले म्हणे! मुलाखतीत कुठल्याही ओळीवर हमखास प्रश्न येतात, 'म्हणजे काय केलंत' आणि 'मग काय झालं'. संघभावनेवर पहिल्याच प्रश्नाला गाडी बंद पडते. नव्या ओळीचा मराठीत अर्थ असा : 'कॉलेज फेस्टच्या ३८० ऑनलाइन नोंदी तपासून मोबाइल नंबरच्या आधारे ४६ दुबार नोंदी काढल्या, टी-शर्टची ऑर्डर त्यानुसार ३३४ वर आणली.' नेतृत्व नाही, संघ नाही, पण जे आहे ते केलेलं आहे. 'पैसे वाचवले' असं घालू का, असं त्याने विचारलं. टी-शर्टचा दर माहीत होता का? नव्हता. मग नाही घालायचं.

एनएसएसचंही असंच. नुसतं 'समाजसेवा' होतं. वर्षाला १२० तास ठरलेले असतात, याचे ७० झाले होते, तर ७०च लिहिले. भाऊजी कुजबुजले, "शंभर लिही, कोण मोजतंय?" एनएसएसमध्ये तासांची नोंद होते, भाऊजी. मोजतात.

ताई इतका वेळ गप्प होती. तिने एकच विचारलं, "ईमेलमध्ये हे 'डेव्हिल' काय आहे?" तो पत्ता त्याच दुपारी बदलला.

रेझ्युमे एका पानाचा झाला आणि पानाच्या तळाशी पांढरी जागा उरली. भाऊजींना ती जागा बघवेना. अ‍ॅबॅकस सहज मावेल, असं त्यांनी बोटांनी मोजून दाखवलं.

लायब्ररीला स्मरणशक्ती आल्यावर चिन्मयने अर्ज टाकले. बऱ्याच ठिकाणी काहीच उत्तर नाही. पहिल्या वर्षाला तसंच असतं, बऱ्याच कंपन्यांना तिसऱ्या वर्षाची मुलं हवी असतात. रबाळ्याच्या एका छोट्या कंपनीने बोलावलं. मुलाखत घेणाऱ्या बाई बहुतेक वेळ `+91` वरच बोलत होत्या, कारण त्यांच्याकडे ग्राहकांची यादी होती आणि तिच्यात प्रत्येकाने नंबर आपापल्या मर्जीने लिहिला होता. दोन महिने ती साफ करायची, असं ठरलं.

संध्याकाळी भाऊजींचा फोन आला. मुलाला काम मिळाल्याचा आनंद होता, पण आवाज पडलेला.

"सीईटीचं काहीच विचारलं नाही रे त्यांनी?"

"नाही, भाऊजी."

"मग मी कळवतो त्यांना," असं ते म्हणाले, आणि मागून ताईने फोन हिसकावल्याचा आवाज आला.