आजीची सोनेतारण पावती सापडल्यास घ्यावयाची काळजी

जुनं घर आवरताना आजीच्या नावाची सोनेतारण कर्जाची पावती सापडली, तर सर्वप्रथम ती वाचू नये. वाचणारे लोक श्रीमंत होत नाहीत. 'पाटल्या' एवढा शब्द दिसला की मोबाईल काढावा, आजचा भाव बघावा आणि गुणाकार करावा. तोळ्याचा भाव लाखाच्या वर गेलेला असल्यामुळे उत्तर नेहमीच समाधानकारक येतं. पावती कोणत्या सालची, कर्ज किती, मुदत किती, असल्या क्षुल्लक गोष्टी मागाहून पाहता येतात.

आमच्या ओळखीतल्या नारायण पेठेतल्या एका कुटुंबाने ही पद्धत काटेकोरपणे पाळली. वाडा बिल्डरच्या ताब्यात द्यायचा होता. देवघराखालचा खण रिकामा करताना सत्यनारायणाच्या पोथीच्या बासनातून पावती निघाली. मार्च १९८७ची, एका सहकारी बँकेची. पावती धाकट्या नातवाच्या हाती लागली आणि दहा मिनिटांत तिचा फोटो घराण्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेला. चिंचवडच्या कुंदाआत्या, ज्या वाडा आवरायला कंबरदुखीमुळे येऊ शकत नव्हत्या, त्या तासाभरात रिक्षाने हजर झाल्या.

येथे दुसरी सूचना. दागिन्यांचं वजन पावतीवरून कधीही घेऊ नये, आठवणीतून घ्यावं. त्या पाटल्या घराण्याच्या आठवणीत सहा तोळ्यांच्या होत्या. आत्यांच्या मते सात. पावतीवर मात्र 'पाटल्या जोड १, एकूण वजन ४२ ग्रॅम, निव्वळ ४० ग्रॅम' असं लिहिलेलं. बँकेचा मूल्यांकक सराफ दागिना कसोटीवर घासतो, जोडकामाचा डाग, खडे, लाख यांची घट धरतो आणि उरेल त्या निव्वळ वजनावरच किंमत काढतो. त्याने १० ग्रॅमला २,००० रुपये धरून मूल्यांकन ८,००० केलं होतं आणि बँकेने कर्ज दिलं होतं ५,०००. भाव कोसळला तरी आपले पैसे सुटावेत म्हणून बँक असं अंतर ठेवते. पण हे सगळं वाचत बसलात तर सहा तोळ्यांचे चार होतात. कशाला वाचायचं?

तिसरी सूचना सगळ्यात महत्त्वाची: पावती उलटून पाहू नये. कर्ज फेडून दागिने सोडवले, की बँक मूळ पावती परत घेते आणि तिच्या मागे 'दागिने सुस्थितीत मिळाले' अशी कर्जदाराची सही घेते. म्हणजे मूळ पावती घरात असणं आणि तिची मागची बाजू कोरी असणं, याचा साधा अर्थ असा की त्या पावतीवर दागिने सोडवलेले नाहीत. पावती हरवल्याचं बंधपत्र लिहून देऊन सोडवले असतील तर गोष्ट वेगळी, पण ज्या घरात पावती पोथीत गुंडाळून ठेवतात तिथे ती हरवत नाही. नातवाने पावती उलटली. मागची बाजू कोरी. झालं! 'पाटल्या अजून बँकेतच आहेत' असा निकाल चहाच्या आत लागला आणि वाटणीचा विषय निघाला.

वाटणी करताना एक पथ्य पाळावं. ज्या बाईच्या पाटल्या, तिला विचारू नये. आजी शेजारच्या खोलीत कॉटवर बसून शेंगा सोलत होती. वय ८८, कान शाबूत. तिच्या हयातीत तिच्या दागिन्यांची वाटणी कोणत्या कायद्याने करतात, हा प्रश्न कुणाला पडला नाही. थोरले नानाकाका तेवढे म्हणत होते, "जाऊ द्या ना, जुनी कागदं आहेत, रद्दीत घाला." नानांनी आयुष्यात कधी रद्दीचा भाव विचारल्याशिवाय कागद टाकलेला नाही. तेव्हा खरं म्हणजे सगळ्यांना संशय यायला हवा होता.

आला नाही, कारण संशयाची जागा आधीच भरलेली होती. त्या पाटल्या धाकट्या सूनबाईंनी, म्हणजे सुमनकाकूंनी, माहेरी नेल्या असं या घरात गेली अडतीस वर्षं मानलं जातं. तोंडावर कुणी म्हणत नाही; पुण्यात तशी पद्धत नाही. फक्त कार्याला कुणी दागिने घातले की आत्या काकूंकडे बघून "आमच्या आईच्याही होत्या हो पाटल्या" एवढंच म्हणतात. असा आरोप घराण्यात असेल तर तो जपावा. त्याला कागदाचा स्पर्श होऊ देऊ नये.

म्हणूनच चौथी सूचना: गंजलेली टाचणी काढू नये. पावतीला मागे दोन कागद टाचलेले होते. काकू चष्मा लावून आल्या, नखाने टाचणी सोडवली आणि कागद खिडकीपाशी नेले. पहिला होता कर्ज वाटपाचा. रक्कम आजीच्या हातात रोख दिलेली नव्हती. ५,००० रुपये त्याच शाखेतल्या एका बचत खात्यात वर्ग केले होते आणि खातं नानांचं होतं. कारणाच्या रकान्यात लिहिलेलं, 'मुलाचे सदनिका बुकिंग, कोथरूड'. त्याच कोथरूडच्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला नाना म्हणाले होते की कुणाची दमडी न घेता घर केलंय. हे वाक्य ते दर दिवाळीला पाडव्याच्या आसपास पुन्हा म्हणतात.

दुसरा कागद १९८९चा. मुदत बारा महिन्यांची होती, ती उलटून वर्ष झाल्यावर बँकेने रजिस्टर पोस्टाने धाडलेली लिलावाची नोटीस. तारण ठेवलेली वस्तू विकण्यापूर्वी वाजवी सूचना द्यावी लागते, हे १८७२च्या करार कायद्याच्या कलम १७६ मध्ये आहे. आणि मुदत टळली तरी प्रत्यक्ष विक्री होईपर्यंत थकबाकी व झालेला खर्च भरून वस्तू सोडवता येते, हे कलम १७७ मध्ये. थोडक्यात, नोटीस हातात पडल्यावरही पाटल्या वाचवायला वेळ होता. नोटिशीच्या कोपऱ्यात पेन्सिलने 'भरतो. नाना' असं लिहिलेलं होतं. अक्षर ओळखू येण्याइतकं सुबक. आत्यांनी ते दोनदा वाचलं आणि त्यांना एकदम कंबर दुखू लागली.

एवढं झाल्यावरही धीर सोडू नये. कागद काहीही म्हणोत, बँकेत जाऊन भांडल्याशिवाय पुणेकराचं समाधान होत नाही. मूळ बँक मधल्या काळात दुसऱ्या बँकेत विलीन झालेली होती. लक्ष्मी रोडवरच्या शाखेत नातू आजीलाच घेऊन गेला, कारण कर्जदार तीच. बरोबर पावती आणि आधार कार्ड. अधिकाऱ्याने सौम्यपणे सांगितलं की पाटल्या १९८९ सालीच लिलावात गेल्या. एवढी वर्षं दुसऱ्याचं सोनं तिजोरीत सांभाळण्याची हौस कुठल्याच बँकेला नसते.

पण हिशेब तिथे संपत नाही, आणि बहुतेक लोक नेमके तिथेच उठतात. लिलावात आले १०,४००. त्यातून मुद्दल ५,०००, सोळा टक्क्यांनी दोन वर्षांचं व्याज १,६०० आणि नोटीस, जाहिरात वगैरे खर्च २०० वजा केले की उरतात ३,६००. विक्रीतून वर आलेली रक्कम कर्जदाराची असते, तेही त्याच कलम १७६ प्रमाणे. ती न्यायला कुणी आलं नाही, म्हणून ती आजीच्या नावावर पडून राहिली. दहा वर्षांहून अधिक काळ बेवारस पडलेल्या अशा रकमा २०१४पासून रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत जमा होतात. कर्जाची वसुली होऊन खात्यात उरलेले पैसेही त्यात येतात. पैसे निधीत गेले म्हणजे बुडाले असं नाही. आपल्या बँकेकडे ओळख पटवून अर्ज करायचा, बँक आपल्याला पैसे देते आणि निधीकडून स्वतःची भरपाई मागते. बेवारस खात्यांची यादी बँकांना आपल्या संकेतस्थळावर ठेवावी लागते, आणि बऱ्याच बँकांची एकत्र शोधाशोध करायची तर रिझर्व्ह बँकेचं udgam.rbi.org.in आहे. आजीचं नाव बँकेच्या यादीत, नारायण पेठेच्या पत्त्यासकट, कित्येक वर्षं जगाला दिसत होतं. व्याज मात्र नाही, कारण मुळात ते व्याज देणारं खातंच नव्हतं. १९८९चे ३,६०० आजही ३,६००.

लाखांची स्वप्नं बघून ३,६०० मिळाले, तर त्याची वाटणी कशी करावी, यावर घराण्यात दोन दिवस चर्चा चालली. नानांनी मोठ्या मनाने आपला हिस्सा सोडला. मग वाटणीचा सूर धरून आत्यांनी आजीला विचारलं, "आई, तू इतकी वर्षं बोलली का नाहीस गं? सुमनला उगाच सगळे..."

"सगळे म्हणजे कोण? मी कधी म्हटलं तिला?" आजी म्हणाली. "आणि तुम्ही मला विचारलंत कधी?"

मग तिने नानांना समोर बसवलं. येथे शेवटची सूचना: आजीचे वडील काय करत होते, याची चौकशी आधीच करून ठेवावी. या आजीचे वडील सासवडला सावकाराच्या पेढीवर कारकून होते.

"नाना, बँकेचा नि माझा हिशेब मिटला. आता तुझा नि माझा. पाटल्या मी तुला दिल्या होत्या, बँकेला नाही."

"अगं आई, अडतीस वर्षं झाली त्याला!"

"म्हणून तर दामदुपटीवर थांबते."

नातवाला दामदुपट ठाऊक नव्हती. तिने शेंगा बाजूला ठेवून समजावलं. कितीही वर्षं लोटली तरी व्याज मुद्दलापेक्षा जास्त घ्यायचं नाही, हा आपला जुना नियम. इंग्रजांच्या काळात मुंबई इलाख्यातल्या कोर्टांनीही तो मानला. पण जिन्नस घेतला असेल तर मर्यादा जिनसागणिक वेगळी. सोन्याला दुप्पट, धान्याला तिप्पट, कापडाला चौपट.

"म्हणजे चार तोळ्यांचे आठ," आजी म्हणाली. "घडणावळ तुझ्याकडे. चार सुमनच्या हातात घाल, चार माझ्याकडे आण."

नानांनी मोबाईल काढला, आजचा भाव बघितला आणि गुणाकार केला. या वेळी उत्तर समाधानकारक आलेलं दिसलं नाही.

"नशीब समज पाटल्याच नेल्यास," आजी पुन्हा शेंगा ओढून घेत म्हणाली. "लग्नातला शालू नेला असतास ना, तर चौपट घेतली असती."