बूर्फाचा दाखला

आमची नात पूर्वा दादरला जन्मली आणि सहा महिन्यांची होते न होते तोच दुबईत नोकरीला असलेल्या तिच्या वडिलांनी कळवले, की तिच्या व्हिसासाठी जन्मदाखल्याचे अरबी भाषांतर लागेल. आमच्याच इमारतीत मस्कतला वीस वर्षे काढून परतलेले तात्या राहतात, त्यामुळे मला हे काम कोथिंबीर आणण्याइतके सोपे वाटले. मी मोबाइलवर दाखल्याचा फोटो काढला आणि तात्यांनी चहा निवण्याच्या आत भाषांतर लिहून दिले. त्यात नातीची ‘बूर्फा’ झाली होती, कारण अरबीत ‘प’ नाही आणि पासपोर्टातला ‘व्ही’ही नाही. शिवाय अरबी लिपीतला ५ आपल्या शून्यासारखा दिसत असल्याने मुलगी शून्य तारखेला जन्मल्याची मला काही काळ धास्ती वाटली.

मुलाने ते भाषांतर आणि फोटो अमिरातीच्या न्याय मंत्रालयाचा परवाना असलेल्या एका अनुवादकाला दाखवले. त्याने तात्यांच्या अरबीबद्दल चकार शब्द काढला नाही. फोटोत नोंदणी क्रमांकावर माझा अंगठा आला आहे, तो उचलून मागची बाजूही दाखवा, एवढेच त्याने कळवले. तात्यांनी शिक्के सोडून दिले होते; हा गृहस्थ मात्र शिक्क्यांचेही भाषांतर करणार होता आणि पुसट शिक्का असेल तिथे ‘शिक्का अवाचनीय’ असे लिहिणार होता. अरबीत शिक्क्याला ‘खत्म’ म्हणतात, हे ऐकून मी खुर्चीत बसलो.

खरा घोटाळा पुढेच होता. दाखल्याच्या मराठी रकान्यात वडिलांचे नाव सुनील, तर इंग्रजी रकान्यात चक्क सुशील होते. तात्यांनी शेजारधर्म म्हणून परस्पर ‘सुनील’ लिहून टाकले होते. परवानाधारकाला मात्र अशी दया करता येत नाही. मूळ कागदावर जे आहे तेच अरबीत उतरले आहे, अशी ग्वाही तो सहीनिशी देतो, त्यामुळे कागद चुकलेला असेल तर ती चूकही तो इमानाने उतरवतो. आमच्या नातीचे वडील अरबीत अधिकृतपणे सुशील होणार, हे कळताच सूनबाई हसली आणि मी निबंधक कार्यालयाची वाट धरली.

दुरुस्त दाखला हाती आल्यावर तो लगेच भाषांतराला देण्याचा माझा उत्साहही मावळला. आधी राज्य शासन, मग परराष्ट्र मंत्रालय, मग अमिरातीची वकिलात असे साक्षांकन, त्यानंतर तिकडच्या परराष्ट्र खात्याचा शिक्का आणि सर्वांत शेवटी भाषांतर, असा क्रम होता. कारण या प्रवासात दाखल्याला चिकटलेले सगळे शिक्केही भाषांतरात यायला हवे होते.

अखेर सही, शिक्का, परवाना क्रमांक आणि मूळ दाखल्याची जोडलेली प्रत अशा थाटात भाषांतर तयार झाले. मुलाने त्याचा फोटो पाठवला आणि मी तो तात्यांपुढे धरला. त्यांनी चष्मा सावरून नावाच्या ओळीवर बोट ठेवले आणि म्हणाले, “बूर्फाच आहे की हो! मी वेगळं काय लिहिलं होतं?”